वेबकॉमिकची कमाई जाहिरातीत नाही, छापलेल्या पानात आहे

मागच्या व्हिडिओत घरबसल्या चित्रं काढून कमाई करण्यावर बोललो होतो. त्यानंतर जवळपास सगळ्यांचा एकच प्रश्न आला, "सर, किती व्ह्यूजला किती पैसे मिळतात?" माझं मत आधीच सांगून टाकतो. वेबकॉमिक करणाऱ्या माणसानं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. इंटरनेटवरचं कॉमिक म्हणजे तुमच्या दुकानाची शोकेस. शोकेस बघायचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात आतल्या मालाचे, आणि मराठीत काम करणाऱ्या नवख्यासाठी तो माल म्हणजे छापील पुस्तिका आणि सांगून करून घेतलेलं काम.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या विदर्भातलंच उदाहरण बघू.

नागपूरचा ग्रीन ह्यूमर

रोहन चक्रवर्ती हे नागपूरचे. शिक्षण दाताच्या डॉक्टरकीचं, पण काम व्यंगचित्रांचं. 2010 मध्ये त्यांनी 'ग्रीन ह्यूमर' ही मालिका ऑनलाइन टाकायला सुरुवात केली. विषय एकच, वन्यजीव आणि निसर्ग. वाघ, बेडूक, घुबड, पाली हीच पात्रं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हर्सल यूक्लिक या संस्थेनं ही मालिका सिंडिकेशनसाठी घेतली आणि गोकॉमिक्सवर ती जगभर दिसू लागली. सिंडिकेशन म्हणजे एकच चित्र अनेक वर्तमानपत्रांना आणि संकेतस्थळांना वापरायला देणं आणि त्याचं मानधन घेणं.

आता पुढची यादी नीट बघा. वर्तमानपत्रांतली सदरं. बीएनएचएसनं 2019 मध्ये काढलेलं पक्ष्यांवरचं 'बर्ड बिझनेस'. 2021 मध्ये पेंग्विनचं 'ग्रीन ह्यूमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट'. अभयारण्यांचे चित्रमय नकाशे. संस्थांसाठी केलेली जनजागृतीची चित्रं. यातल्या एकाही कामाचा पैसा "एवढ्या व्ह्यूजला एवढे" या हिशोबानं येत नाही. ऑनलाइन मालिकेमुळे लोकांना कळलं की जंगलातला प्राणी नेमका आणि हसवत काढणारा माणूस कोण आहे. काम त्यानंतर आलं.

यातून घ्यायचा धडा "तुम्हीही मोठे व्हाल" हा नाही. धडा विषय अरुंद ठेवण्याचा आहे. "विनोदी कॉमिक" म्हटलं तर तुमची स्पर्धा सगळ्या जगाशी. "जंगलाच्या कडेच्या गावातलं कॉमिक" म्हटलं की वाचणारे कमी होतात, पण ते कोण आहेत हे तुम्हाला माहीत असतं. मोहफुलं वेचायला पहाटे जाणारी आजी, तेंदूपत्त्याच्या हंगामातला फळीवरचा हिशोब, धानाच्या बांधीत शिरलेली रानडुकरं, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसलेलं गाव. गोंडपिपरीत बसून हे काढणारा माणूस आणि पुण्यात बसून काढणारा माणूस यांत फरक पडतो, आणि तो वाचणाऱ्याला दुसऱ्याच चित्रात कळतो.

आधी जाहिरातीचा हिशोब करून बघा

खाली मी धरलेले आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत हीच.

समजा, तुम्ही स्वतःचं संकेतस्थळ काढलं आणि गूगल अॅडसेन्स लावलं. मराठी मजकुरावर अॅडसेन्स चालतं. तुमचे पक्के वाचक 3,000 झाले, ही काही छोटी गोष्ट नाही. आठवड्याला एक भाग, म्हणजे महिन्याला 12,000 व्ह्यूज. हजार व्ह्यूजला 40 रुपये धरले तर महिन्याचे 480 रुपये. अॅडसेन्स खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे साधारण दीड वर्ष दर आठवड्याला न चुकता चित्र काढल्यावर पहिला हप्ता बँकेत येणार.

शिवाय दोन अडचणी अशा, ज्या लोकांना उशिरा कळतात. पहिली, कॉमिकच्या पानावर सगळा मजकूर चित्राच्या आत असतो. गूगलला ते पान जवळजवळ कोरं दिसतं, आणि मजकूर कमी आहे या कारणानं अर्ज नाकारला जाऊ शकतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक भागाखाली त्यातले संवाद आणि प्रसंगाची चारपाच वाक्यं टाइप करून ठेवा. त्यामुळे शोधणाऱ्यालाही तुमचं पान सापडतं. दुसरी, खात्यात 10 डॉलर झाले की गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टानं एक पिन पाठवतं. तो पिन चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. आपल्याकडे पत्त्यात "अमक्याच्या घरामागे" लिहायची सवय असते. पूर्ण पत्ता, पिनकोड बरोबर लिहा आणि पोस्टमनला नाव सांगून ठेवा.

वेबटूनसारख्या कॉमिकच्या प्लॅटफॉर्मवर जाहिरातीचा वाटा मिळतो, पण ठरावीक सबस्क्रायबर आणि ठरावीक मासिक व्ह्यूज झाल्यानंतरच, आणि तिथे मराठीचा वेगळा विभाग नाही. इन्स्टाग्राम नुसत्या चित्राच्या पोस्टला जाहिरातीतला वाटा देत नाही. म्हणून म्हणतो, प्लॅटफॉर्म वापरायचा तो वाचक गोळा करायला. जाहिरातीचे पैसे आले तर वरची मलई समजा, रोजची भाजी-भाकर नाही.

चौकोन असा काढा की तीन ठिकाणी चालेल

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते, आणि ती दिसते वर्षानं. लोक मोबाइलसाठी 1080 पिक्सेल रुंदीचं चित्र काढतात. पडद्यावर ते झकास दिसतं. वर्षानं पुस्तिका छापायला गेलं की छापखानेवाला म्हणतो, "भाऊ, हे फाटतं." छपाईला 300 डीपीआय लागतं. ए-5 आकाराचं पान, म्हणजे शाळेच्या लहान वहीएवढं, 300 डीपीआयला 1748 बाय 2480 पिक्सेल होतं. 1080 चं चित्र त्यावर ताणलं की रेषा फाटतात, अक्षरं धूसर होतात. मग बारा भाग पुन्हा काढायचे. ते कोणी काढत नाही, आणि पुस्तिका राहून जाते.

माझा सल्ला असा. प्रत्येक भाग चार सारख्या चौकोनांचा ठेवा आणि प्रत्येक चौकोन 1600 बाय 1600 पिक्सेलचा काढा. कृतासारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे आरामात होतं. कागदावर काढत असाल तर चौकोन तळहाताएवढा काढून 600 डीपीआयला स्कॅन करा. आता हेच चार चौकोन इन्स्टाग्रामवर एकामागे एक चार स्लाइड म्हणून जातात. एकाखाली एक रचले की वेबटूनला लागणारी 800 पिक्सेल रुंदीची उभी पट्टी होते. आणि दोन वर, दोन खाली मांडले की ए-5 चं छापील पान होतं, वर शीर्षकाला जागाही उरते. एकदा काढलं, तीनदा वापरलं.

अक्षरांची काळजी चित्राएवढीच घ्या. मराठीत वरती वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. चित्र 1080 पिक्सेलवर आणल्यावर अक्षराची उंची 40 पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. साध्या मोबाइलवर, उन्हात उभं राहून वाचून बघा. आजीला वाचता आलं तर पास. फॉन्ट युनिकोडच घ्या. 'कलम' हा हाताच्या अक्षरासारखा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, विकायच्या वस्तूवरही चालतो. कुठूनतरी उतरवलेला फॉन्ट वापरला आणि त्याला व्यवसायासाठी परवानगी नसली, तर पुस्तिका विकताना गोत्यात याल. छापखान्यात पाठवताना अक्षरं चित्रात मिसळूनच पाठवा, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं तुटतात.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट होतो, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि कागद शाईनं. आपली कॉमिक्स जंगलाची, म्हणजे हिरव्यानंच भरलेली. सगळं छापायच्या आधी एकच पान छापून बघा आणि त्यावरून रंग ठरवा. नाहीतर आतली पानं सरळ काळी-पांढरी ठेवा, खर्चही उतरतो.

वाचक मोजायचे कसे

लाइक मोजू नका. लाइक तुमचे मामेभाऊही करतात. मी एकच आकडा बघायला सांगतो. पहिला भाग टाकल्यावर पहिल्या आठवड्यात किती जणांनी बघितला आणि आठवा भाग किती जणांनी. पहिला 500 आणि आठवा 60 असेल, तर लोक ओळखीखातर आले आणि गेले. पहिला 200 आणि आठवा 180 असेल, तर तुमच्याकडे वाचक आहेत, आणि छपाईचा विचार याच माणसानं करावा.

लोक परत येतात ते पात्रासाठी. 'चिंटू' आठवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 मध्ये तो 'सकाळ'मध्ये सुरू केला. पोरगा तोच, मित्र तेच, आईबाबा तेच, आणि रोज. त्यावर पुस्तकं निघाली, 2012 मध्ये सिनेमा आला. रोज नवीन माणसं आणि नवीन विनोद टाकला असता तर सिनेमा कोणाच्या नावानं काढला असता? तुम्हीही दोन-तीन पात्रं धरा आणि ती सोडू नका. दिवस ठरवा, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. रोवणीच्या दिवसांत घरी माणूस मोकळा नसतो, पावसाळ्यात लाइट जाते. म्हणून पहिला भाग टाकायच्या आधी आठ भाग तयार पाहिजेत. आठ भाग काढता काढता हेही कळतं की एका भागाला तुम्हाला खरंच किती तास लागतात. सहा तास लागत असतील तर आठवड्याला तीन भागांचं वचन देऊ नका.

आपल्याकडे कॉमिक पसरतं व्हॉट्सअॅपवर, आणि तिथे नाव कापलं जातं. खालच्या पट्टीत लिहिलेलं नाव कोणीही क्रॉप करतो. म्हणून नाव आणि पेजचा पत्ता चित्राच्या आत घाला, एखाद्या पानठेल्याच्या पाटीवर, बैलाच्या झुलीवर, एसटीच्या मागच्या काचेवर, जिथे कापलं तर चित्रच बिघडेल. पक्क्या वाचकांसाठी व्हॉट्सअॅप चॅनल काढा. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका, कारण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज पोहोचतो.

पुस्तिकेचा हिशोब, पैशापैशानं

बारा भाग झाले की पहिली पुस्तिका काढा. मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत येतात. बारा भागांची बारा पानं, कव्हरची चार, एकूण सोळा. पुन्हा उदाहरणाचे आकडे धरू. 200 प्रती, आतून काळ्या-पांढऱ्या, बाहेरून रंगीत, एकीला 25 रुपये. खर्च 5,000. किंमत 60 रुपये.

वीस प्रती शाळा, वाचनालय, पत्रकार यांना फुकट जातात, त्या आधीच वजा करा. उरल्या 180. शंभर प्रती दुकानांत ठेवल्या, स्टेशनरीवाला, एसटी स्टँडजवळचा पेपरवाला, ताडोब्याच्या गेटकडचे होमस्टे. दुकानदार 30 टक्के ठेवतो, मीही दुकानदार आहे, त्याच्याखाली माल समोर मांडायला कोणाचं मन होत नाही. तुम्हाला 42 रुपये मिळाले, म्हणजे 4,200. ऐंशी प्रती तुमच्या 3,000 ऑनलाइन वाचकांनी थेट घेतल्या, टपालखर्च त्यांचा, 60 प्रमाणे 4,800. एकूण 9,000. खर्च वजा जाता 4,000, त्यातून पाकिटं आणि चिकटपट्टीचे थोडे गेले.

चार हजार काही फार नाहीत, हे मला कळतं. पण तेच 3,000 वाचक जाहिरातीतून वर्षभरात 5,760 देत होते आणि तेही हातात येत नव्हते. इथे शंभरातल्या तिघांहून कमी वाचकांनी पुस्तिका घेतली, पैसे महिन्याभरात आले आणि शंभर प्रती अशा लोकांकडे गेल्या ज्यांनी तुमचं पेज कधी बघितलंही नव्हतं. धोका कुठे आहे तेही बघा. सगळ्या प्रती दुकानांतूनच विकल्या तर 120 प्रती गेल्यावर खर्च निघतो. तेवढ्या जातील असं वाटत नसेल तर 200 छापू नका. आधी चॅनलवर नोंदणी घ्या, यूपीआयनं पैसे आधी घ्या, आणि पन्नास नोंदी आल्यावरच छापखान्यात जा.

स्टिकर चांगले, पण सुटा स्टिकर टपालानं विकू नका. 20 रुपयांच्या वस्तूला त्याहून जास्त टपालखर्च कोणी देत नाही. चार स्टिकर आणि पुस्तिका असा एक लिफाफा करा. टी-शर्टाच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. चार साइज आणि दोन रंग म्हणजे आठ गठ्ठे, आणि शेवटी घरात एक्सएल तेवढे उरतात. फारच मागणी आली तर ऑर्डर आल्यावर छापणाऱ्या कंपनीकडून करा. नफा कमी, पण माल पडून राहत नाही.

जीएसटीची एक बाब इथे फार उपयोगाची आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. स्टिकर, मग, टी-शर्ट हा करपात्र माल आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. आपल्याला तेलंगणाची हद्द जवळ, तिकडचे मराठी वाचकही मागवतात. म्हणून सुरुवातीला राज्याबाहेर फक्त पुस्तिका पाठवा, बाकी वस्तू महाराष्ट्रातच विका. व्यवसाय वाढला की तुमच्या कर सल्लागाराशी बसून नोंदणी करा. पुस्तिकेला आयएसबीएन हवा असेल तर तो सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

सांगून केलेलं काम, आणि हक्क

पुस्तिका हातात असली की दुसरं दार उघडतं. वाघ-माणूस संघर्षावरचं पोस्टर, शाळेसाठी सापांची माहिती, बचत गटाच्या मोहाच्या लाडवाच्या डब्यावरचं चित्र, होमस्टेचा नकाशा. अशी कामं चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत, आणि ती देणाऱ्याला मोबाइलवरची लिंक दाखवण्यापेक्षा सोळा पानं हातात देणं जास्त कामाचं.

काम घेताना निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्त्या दोनदाच, आणि कागदावर लिहिलेलं. कागदात तीन गोष्टी पाहिजेत. चित्र कशासाठी वापरणार, किती वर्षं, आणि तुमच्या पात्राचा हक्क कोणाकडे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण "सर्व हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर सही केली, तर तुमची मोहफुलं वेचणारी आजी दुसऱ्याची झाली. पुढच्या पुस्तिकेत तिला काढायलाही परवानगी मागावी लागेल. पोस्टरचं चित्र द्या, पात्र देऊ नका.

आपल्या झाडीपट्टीतली नाटक मंडळी हे फार आधीपासून जाणतात. गावोगावी पॅम्प्लेट फुकट वाटतात, गाडीवर भोंगा फिरतो, त्याचे पैसे कोणी मागत नाही. पैसे मिळतात मंडपाच्या दारावर, तिकिटाला. तुमची दर शुक्रवारची पोस्ट म्हणजे ते पॅम्प्लेट. तेव्हा या आठवड्यात व्ह्यूज बघत बसू नका. दोन पात्रं ठरवा, 1600 चा चौकोन उघडा, आठ भाग काढा. आणि जवळच्या छापखान्यात जाऊन सोळा पानी ए-5 पुस्तिकेचा 100 आणि 200 प्रतींचा दर लिहून आणा. पुढच्या व्हिडिओत त्या दरपत्रकावरून किंमत कशी ठरवायची ते फळ्यावर करून दाखवतो.